घाणा घ्यायच्या आधी: तीन धंदे आणि परवानग्यांचा कागद

मार्च २०२३ मध्ये माझी शाळेतली करारावरची नोकरी संपली. धाकट्या जाऊबाईंना आधीपासून घरून काहीतरी करायचंच होतं. दोघींचे मिळून अडीच लाख रुपये होते आणि साताऱ्यातल्या आमच्या जुन्या घराच्या मागे, तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या पडलेल्या होत्या. जागेला भाडं नाही, कामगार आम्हीच, त्यामुळे 'स्वस्तात सुरू होणारा धंदा' म्हणून जो तो काहीतरी सुचवत होता. पाण्याचे जार भरून विका, लाकडी घाण्याचं तेल काढा, नाहीतर भाजणी-मेतकूट-चटण्या करा. शेवटी हे तीनच पर्याय कागदावर उरले.

कागद करायला लावला तो माझ्या मामेसासऱ्यांनी. ते नगरपालिकेतून निवृत्त झालेले. म्हणाले, "सूनबाई, यंत्राची किंमत सगळेच विचारतात. तू आधी जागेला विचार, मग मालाला विचार, मग विकणार कशी ते विचार. यंत्र शेवटी." त्यांच्या सांगण्यावरून मी प्रत्येक धंद्यासाठी एकेक पान केलं. माल ओला की कोरडा, बनणार कुठे, विकणार सुटा की बंद पाकिटात, रोज किती निघणार, एवढं वरच्या भागात. खाली प्रत्येक परवानगीपुढे तीन गोष्टी: खर्च किती, वेळ किती, आणि ही परवानगी मिळाली नाही तर तोवर घातलेल्यातलं काय वाया जाईल. तिसरा रकाना मामांचा. पुढे सगळ्यात कामाचा तोच निघाला.

पाण्याचं पान सगळ्यात आधी भरलं आणि लगेच बाजूला पडलं. आरओ प्लांटवाला विक्रेता सांगत होता, दीड लाखात प्लांट, बोअर तुमचीच, रोज शंभर जार. पण बंद बाटलीतल्या किंवा सीलबंद जारमधल्या पाण्याला तेव्हा बीआयएसचं, म्हणजे आयएसआयचं प्रमाणपत्र सक्तीचं होतं. मानक आयएस १४५४३. त्यासाठी प्लांटच्या जागेतच तपासणीची प्रयोगशाळा लागते, रासायनिक आणि सूक्ष्मजीव चाचण्या करणारी माणसं लागतात, आणि धंद्यासाठी भूजल उपसायचं तर त्याची वेगळी परवानगी. हा सगळा खर्च धरला की दीड लाखाचा प्लांट कितीतरी पट महाग पडतो. विक्रेत्याकडे याला तयार उत्तर होतं, "मॅडम, आपण सील करायचं नाही, नुसतं थंड पाणी म्हणून द्यायचं. सगळे असंच करतात." सगळे करतात म्हणून मी करावं असा धंदा मला नको होता. पाण्याचा नियम पुढे बदलला. ऑक्टोबर २०२४ मध्ये बीआयएसची सक्ती निघाली आणि पुढच्याच महिन्यात बंद पाणी अतिजोखमीच्या खाद्यगटात गेलं. म्हणजे परवान्याआधी तपासणी आणि दरवर्षी त्रयस्थ संस्थेकडून ऑडिट. तेव्हा कुणी जुना कागद दाखवून 'आता काही लागत नाही' म्हणालं तर तारीख बघा.

खरा जीव अडकला होता तो लाकडी घाण्यात.

एप्रिलमध्ये आम्ही दोघी एका ठिकाणी घाणा चालू असताना बघून आलो. शेंगदाण्याचा तो वास, घट्ट पिवळं तेल, रांगेत उभी असलेली माणसं. जाऊबाई तिथेच म्हणाल्या, हेच करायचं. तीन एचपीच्या मोटरचा घाणा, किंमत एक लाख पासष्ट हजार, वाहतूक वेगळी. विक्रेत्याने 'पस्तीस टक्के अनुदान मिळतं' हेही ऐकवलं. अनुदानाची योजना खरी होती, पीएमएफएमई नावाची. पण ते अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेलं होतं आणि निदान दहा टक्के पैसे स्वतःचे घालावे लागत होते. रोखीने घाणा घेऊन आला आणि मग अनुदान मागितलं, असं होत नाही. म्हणून आगाऊ रक्कम न देता आम्ही घाण्याचं पान भरायला बसलो.

सुरुवात विजेपासून केली, कारण ती घरबसल्या कळते. महावितरणच्या दरपत्रकात घरगुती दराच्या वर्णनात एक सोय आहे: राहत्या घराच्या एखाद्या भागात छोटा व्यवसाय असेल आणि घराचा एकूण वापर महिन्याला ३०० युनिटच्या आत, वर्षाला ३,६०० युनिटच्या आत असेल, तर घरगुतीच दर लागतो. आमच्या घराचा वापर महिन्याला साधारण १४०. आता घाणा बघा. तीन एचपी म्हणजे सव्वादोन किलोवॅटच्या आसपास. रोज सहा तास चालवला तर तेरा युनिट, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर सव्वातीनशेच्या वर. म्हणजे घर बाजूला ठेवलं तरी एकटा घाणाच मर्यादा ओलांडतो. मग वेगळा मीटर, थ्री फेज, वेगळा दर, अनामत रक्कम आणि खांबापासून केबल. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने अंदाज दिला पस्तीस ते चाळीस हजारांचा. हा हिशोब कुणालाही जमतो. मोटरवर एचपी लिहिलेला असतो, त्याला पाऊणने गुणायचं, मग तासांनी आणि दिवसांनी. यंत्र घ्यायच्या आधी पाच मिनिटं काढून एवढं कराच.

मग जागा. नगरपालिकेच्या नगररचना विभागात गेले तेव्हा मला वाटलं होतं की झोन दाखला काढायचा आणि 'रहिवासी' असं आलं की छोटे उद्योग चालतात की नाही एवढंच विचारायचं. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "समोरचा रस्ता किती मीटरचा?" आमची गल्ली सहा मीटरची. मुंबई वगळता राज्यात बहुतेक ठिकाणी लागू असलेल्या एकत्रित विकास नियमावलीत (ती २०२० च्या डिसेंबरात आली) रहिवासी भागात कोणता वापर चालतो हे बऱ्याच अंशी रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. पिठाची गिरणी, मसाला कांडप, तेल काढणं असल्या यंत्रांच्या कामांना अरुंद गल्लीत वाव कमी. त्या म्हणाल्या, "ताई, अर्ज करा, मी नाही म्हणत नाही. पण आधी यंत्र आणून ठेवू नका. शेजाऱ्याने आवाजाची तक्रार केली की पहिला प्रश्न हाच येणार, परवानगी कुठाय?" मागच्या भिंतीला लागून शेजारच्या आजोबांची झोपायची खोली आहे. मी ते कागदावर लिहून ठेवलं.

त्याच संदर्भात प्रदूषण नियंत्रण मंडळाचं नाव पुढे आलं. तेल काढण्याचा आणि प्रदूषणाचा काय संबंध, असं मला वाटलं होतं. पण उद्योगांच्या रंगांच्या यादीत घाण्याची तेलगिरणी हिरव्या गटात आहे. हिरवा म्हणजे कमी प्रदूषणाचा. पण पांढऱ्या गटाला नुसतं कळवून भागतं, तशी हिरव्याला सूट नसते, संमती घ्यावी लागते. शुल्क भांडवलावर ठरतं, त्यामुळे आमच्यासारख्यांना रकमेची भीती नव्हती. भीती होती जागेच्या कागदाची. त्या अर्जालाही जागा कायदेशीरपणे त्या वापराची आहे हे दाखवावं लागतं, आणि गाडी परत सहा मीटरच्या गल्लीत येऊन उभी राहते.

मे महिन्यात अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात गेले. इथे माझा अंदाज पूर्ण उलटा निघाला. मी धरून चालले होते की आम्ही लहान, म्हणजे आम्हाला साधी नोंदणी, वर्षाला शंभर रुपये, विषय संपला. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "तेल रोज किती काढणार आणि किलोला काय भाव?" आम्ही ठरवलं होतं रोज साठ किलो शेंगदाणे. लाकडी घाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल सुटतं, म्हणजे चोवीस किलो. ३२० रुपये किलो धरलं तर दिवसाचे ७,६८०, पंचवीस दिवसांचे १,९२,०००, वर्षाचे तेवीस लाखांच्या वर. तेव्हा नोंदणीची मर्यादा वार्षिक उलाढाल बारा लाख होती. त्यावर गेलं की राज्य परवाना.

परवान्याचं शुल्क तेव्हा आमच्या क्षमतेला वर्षाला ३,००० रुपये होतं, तेही काही फार नाही. पण परवान्यामागून ज्या अटी येतात त्या नोंदणीला नसतात. दर सहा महिन्यांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून मालाची तपासणी, वर्षाच्या शेवटी विवरणपत्र (ते ३१ मेपर्यंत भरलं नाही तर दिवसाला शंभर रुपये दंड), आणि प्रशिक्षण घेतलेला एक माणूस. शिवाय कायदा उलाढाल बघतो, नफा बघत नाही. तेल महाग असल्यामुळे आमचा गल्ला मोठा दिसणार होता. त्यातले बहुतेक पैसे मात्र शेंगदाण्याच्या व्यापाऱ्याकडे जाणार होते. आम्हीच रोज चोवीस किलो तांदळाचे पापड केले असते तर चित्र वेगळं दिसलं असतं. महाग कच्चा माल आणि लहान नफा असा धंदा असेल तर तेव्हाची बारा लाखांची रेषा कल्पनेपेक्षा फार लवकर यायची.

जाऊबाईंनी मध्येच विचारलं, "साहेब, बायका घरून किटली घेऊन येतील, आम्ही मापून देऊ. बाटल्यांचा खर्चच नको." त्यांनी मान हलवली. खाद्यतेल सुटं विकायला बंदी आहे. भेसळीच्या भीतीने ते बंद, लेबल लावलेल्या पाकिटातच विकायचं असा नियम आहे. एका वाक्यात आमचा धंदा बदलला. आता बाटल्या आल्या, झाकण बसवायचं यंत्र आलं, लेबल आलं, वजन-मापाची नोंदणी आली. मग मी तिसरा मार्ग विचारला: लोक स्वतःचे शेंगदाणे आणतील, आम्ही फक्त गाळून देऊ, मजुरी घेऊ. यात तेलाची विक्री आमची नाही, उलाढाल फक्त मजुरीची, म्हणजे रेषा कुठल्या कुठे. त्यांनी सांगितलं की अन्नावर प्रक्रिया करणं हाही अन्नव्यवसायच, नोंदणी लागेल, पण हिशोब तुम्ही म्हणता तसा मजुरीवर होईल. हा मार्ग मला अजूनही बरा वाटतो. पण आवाज, वीज आणि गल्ली हे तिन्ही प्रश्न त्याला तसेच चिकटलेले राहतात.

घाण्याच्या पानाची बेरीज अशी झाली: यंत्र वाहतुकीसह पावणेदोन लाख, वीज चाळीस हजार, गाळणी, टाक्या आणि पॅकिंग पन्नास हजार, पहिल्या बाटल्या आणि लेबलं वीस हजार, तपासण्या आणि शुल्कं पंधरा हजार. तीन लाख. त्यावर पहिल्या दोन महिन्यांचे शेंगदाणे. आणि मामांच्या तिसऱ्या रकान्यात: जागेची परवानगी नाकारली तर विजेचे पैसे गेले, यंत्र अर्ध्या किमतीत विकायला लागणार. एमआयडीसीत छोटा गाळा भाड्याने मिळतो का तेही विचारलं. मिळत होता, पण मग 'जागेला भाडं नाही' हे आमचं एकमेव बळ जात होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घाणा थांबवला. जाऊबाई दोन दिवस गप्प होत्या. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

उरली भाजणी. तिचं पान भरताना हात जरा हलका झाला होता, कारण कुठे काय विचारायचं ते आता ठाऊक होतं. एक एचपीचा, भाजलेलं धान्य दळायचा पल्व्हरायझर रोज तीन तास चालवला तर महिन्याच्या वीस दिवसांत पंचेचाळीसच्या आसपास युनिट, घराचे धरून एकशे पंचाऐंशी, म्हणजे तीनशेच्या आत. सिंगल फेजवर चालतो, आवाज मिक्सरपेक्षा थोडा जास्त. रोज दहा-बारा किलो माल, सरासरी तीनशे रुपये किलो, महिन्याचे वीस दिवस. वर्षाला सात ते साडेआठ लाखांच्या आसपास, म्हणजे नोंदणी पुरते. माल कोरडा, फ्रिज नको. भाजणं मात्र गॅसवर, आणि घरचा लाल सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. एकोणीस किलोच्या व्यावसायिक सिलिंडरची जोडणी घेतली, अनामत, पहिला सिलिंडर आणि रेग्युलेटर मिळून साडेसहा हजार गेले. पुढचा प्रत्येक सिलिंडर तेव्हा साधारण अठराशेला पडत होता. भाजणीची किंमत ठरवताना बऱ्याच घरगुती व्यावसायिक बायका हा फरक धरत नाहीत आणि मग महिनाअखेरीस पैसे कुठे गेले ते कळत नाही.

नोंदणीचा अर्ज foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर केला. शोधताना वर येणाऱ्या पहिल्या काही जागा दलालांच्या असतात, सरकारीसारख्याच दिसतात आणि दोन-अडीच हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी gov.in आहे का एवढं बघा. उद्यम नोंदणीचंही तसंच, ती udyamregistration.gov.in वर पूर्ण फुकट आहे. फॉर्म 'ए'साठी फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा आणि स्वयंघोषणा लागली. घर सासऱ्यांच्या नावावर, म्हणून त्यांचं संमतीपत्र जोडलं. नियमाप्रमाणे सात दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणी ठरवायची असते. आम्हाला तपासणी लागली. आधी जरा धडधडलं, पण त्यातूनच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

अधिकारी बाई आल्या त्या जुलैमध्ये, भर पावसात. त्यांनी खोली पाहिली, खिडकीला जाळी आहे का पाहिलं, धान्याची पोती जमिनीपासून वर आणि भिंतीपासून लांब आहेत का पाहिलं. हे आम्ही केलेलं होतं. जाळ्या, एक वेगळं सिंक, मोरीला जाळीचं झाकण आणि अर्ध्या भिंतीला टाइल्स, यात बावीस हजार गेले होते. पाण्याचा अहवाल मागितला. पालिकेचं पाणी असलं तरी टाकीतलं पाणी तपासायचं, कारण घोळ बहुधा टाकीत असतो. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने १,८०० रुपये घेतले, अहवाल यायला आठवडा लागला. दोघींची वैद्यकीय तपासणी झाली होती, त्यात विषमज्वराची लस आली.

मग त्यांनी विचारलं, "भाजणीचं धान्य धुता?"

"हो, धुऊन, गच्चीवर वाळवून मग भाजतो. आमच्या सासूबाईंची पद्धत."

"गच्ची दाखवा."

गच्चीवर शेजारच्या वाड्यातली कबुतरं होती. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त बघत उभ्या राहिल्या. घरच्या चार किलोला जी पद्धत उत्तम, ती विकायच्या मालाला चालत नाही. उघड्यावर वाळणाऱ्या धान्यात विष्ठा, पिसं, धूळ काहीही पडू शकतं. आणि पावसाळ्यात धान्य पुरतं वाळलं नाही तर ओलावा राहून पिठाला जाळी धरते, पोरकिडे होतात. त्यांनी दोन रस्ते सांगितले: एकतर साफ केलेलं, निवडलेलं धान्य घ्या आणि न धुता भाजा, नाहीतर बंद खोलीत जाळीच्या ट्रेवर पंख्याखाली वाळवा. आम्ही गहू-ज्वारी-बाजरीला पहिला रस्ता घेतला आणि डाळींना दुसरा. चवीत फरक पडला का? सासूबाई म्हणतात पडला. गिऱ्हाइकांपैकी अजून कुणी म्हटलेलं नाही.

शेंगदाण्याच्या चटणीबद्दलही त्याच दिवशी कळलं. शेंगदाण्यात बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते भाजल्याने पुरतं जात नाही. खायला तयार शेंगदाण्यात त्याची मर्यादा किलोमागे दहा मायक्रोग्रॅम इतकी बारीक आहे, म्हणजे पोत्यातले मूठभर खराब दाणेही महागात पडू शकतात. आपल्याला दिसतं एवढंच: सुरकुतलेले, काळपट-हिरवट डाग पडलेले, कडवट लागणारे दाणे. पण चांगला दिसणारा दाणा चांगलाच असेल याची खात्री डोळा देऊ शकत नाही. एका तपासणीला आम्हाला २,८०० रुपये सांगितले. पाच किलोच्या एका खेपेला हे परवडणारं नाही. म्हणून शेंगदाणा चटणी आम्ही यादीतून काढली, तीळ आणि जवसाची ठेवली. कुणी विचारलं तर खरं कारण सांगतो.

नोंदणी क्रमांक आला, चौदा आकडी. नोंदणीचा क्रमांक २ ने सुरू होतो, परवान्याचा १ ने. हे ठाऊक असलं की बाजारातल्या पाकिटावर नजर टाकताच समजतं की हा आपल्यासारखा लहान आहे की मोठा. क्रमांक येईपर्यंत लेबलं छापायची नाहीत असं आम्ही ठरवलं होतं, कारण क्रमांक लेबलवर लागतोच. लेबलचा मसुदा जाऊबाईंनी मराठीत केला होता, सुरेख अक्षरात. इथे एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा: बंधनकारक माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावीच लागते. मराठी त्यासोबत हवी तेवढी घालता येते, पण एकटी चालत नाही. हा नियम मला पटत नाही, साताऱ्यात विकायची भाजणी साताऱ्याच्या भाषेत पुरायला हवी. पण छापून आणल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

लेबलवर घटक उतरत्या क्रमाने, हिरवा ठिपका, बॅच क्रमांक, तारीख आणि किती दिवसांत वापरावं ते. भाजणीत गहू असल्यामुळे ग्लूटेनची सूचना. मसाल्यांना पोषणमूल्यांच्या तक्त्यातून सूट आहे, भाजणी-मेतकुटाला नाही. प्रयोगशाळेने एका पदार्थाच्या पोषण तपासणीचे साडेचार हजार सांगितले. म्हणून सुरुवातीला आम्ही आठ पदार्थांऐवजी चारच घेतले. प्रत्येक नव्या चवीला वेगळी तपासणी आणि वेगळं लेबल लागतं हे 'व्हरायटी ठेवा' असा सल्ला देणारे विसरतात. 'मधुमेहावर गुणकारी' वगैरे जवसाच्या चटणीवर लिहायचा मोह अनेकांना होतो, तो टाळा. रोग बरा होतो असा दावा खाद्यपदार्थावर करता येत नाही.

वजनाचं खातं वेगळं. वैधमापनशास्त्र विभागाकडे पाकीटबंद माल भरणारे म्हणून नोंदणी, शुल्क पाचशे रुपये, पॅकिंग सुरू केल्यापासून नव्वद दिवसांत. पाकिटावर सर्व करांसह किंमत, निव्वळ वजन, ग्राहक-तक्रारीसाठी फोन, आणि एका ग्रॅमला किंवा किलोला काय पडतं तो दर. काटा घेताना तो शिक्का मारलेला घ्या. ऑनलाइन नऊशे रुपयांत मिळणारा स्वयंपाकघरातला काटा धंद्याला चालत नाही. आमचा शिक्क्यासह साडेचार हजारांना पडला आणि शिक्का दरवर्षी नव्याने मारून घ्यावा लागतो. दुकान कायद्याखाली दहापेक्षा कमी माणसं असल्यामुळे फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागली, त्याची पावती लगेच मिळाली.

सप्टेंबरमध्ये, गौरी-गणपतीच्या धामधुमीत पहिली पाकिटं विकली गेली. तोवर एकूण खर्च लाखाच्या थोडा खाली होता, त्यात पल्व्हरायझरचे चोवीस हजार आणि चार तपासण्यांचे अठरा हजार हे मोठे आकडे. उरलेले दीड लाख बँकेत होते, आणि पहिल्या वर्षी दोन दुकानदारांनी उधारी थकवली तेव्हा ते कामाला आले.

आता जाऊबाईंच्या डोक्यात पुरणपोळी आहे. तिचंही पान झालंय. ऑर्डर घेऊन त्याच दिवशी ताजी करून द्यायची तर खोली, गॅस, वीज सगळं आहे तेच चालतं, फक्त नोंदणीत पदार्थाचा प्रकार वाढवून घ्यायचा. व्हॅक्यूम पाकिटात पंधरा दिवस टिकवून पुण्याला पाठवायची तर पुरणातल्या ओलाव्यामुळे टिकवणुकीची तपासणी, पोषण तक्ता, नवं लेबल आणि पॅकिंगचं यंत्र. पहिला प्रकार या होळीला करून बघतोय. दुसऱ्यापुढे तिसऱ्या रकान्यात मी यंत्राची पूर्ण किंमत लिहून ठेवली आहे.